मेंढ्या ओळखीच्या, माणसं अनोळखी

पक्षाघाताचे झटके येऊन गेल्यावर एका ब्रिटिश गृहस्थांना माणसांचे चेहरे ओळखू येईनासे झाले. प्रसिद्ध व्यक्तींचे फोटोही त्यांना परके वाटत. पुढे त्यांनी मेंढ्या पाळल्या, आणि गंमत म्हणजे आपल्या कळपातल्या मेंढ्या ते तोंडावरून नेमक्या ओळखू लागले! १९९३ साली ‘डब्ल्यू. जे.’ या आद्याक्षरांनी त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. नजर शाबूत, स्मरणशक्तीही कामाची, मग अडत होतं कुठे?

या विकाराला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. हे नाव १९४७ मध्ये जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी दिलं. अशा माणसाला नाक, डोळे, ओठ सगळं स्वच्छ दिसतं. पण त्यांतून ‘हा अमुक’ हे उमटत नाही. कारण आपण चेहरा सुटा सुटा वाचत नाही, एकसंध पकडतो. समजा, अशोक सराफांचं कपाळ-डोळे आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची हनुवटी असा जोडफोटो केला, तर वरचा भाग कोणाचा हे सांगताना आपण अडखळू. दोन्ही अर्धुकं थोडी बाजूला सरकवली की नाव चटकन ओठांवर येतं. १९८७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात नेमकं हेच दिसलं.

उलट बाजूचा पुरावा ‘सी. के.’ या रुग्णाने दिला. अपघातात मेंदूला मार लागल्यावर त्याला साध्या वस्तूही ओळखता येत नव्हत्या. चेहरे मात्र बिनचूक! फळं-भाज्या रचून चेहरा घडवणाऱ्या आर्चिम्बोल्दोच्या चित्रात त्याला चेहरा दिसे, भाज्या दिसत नसत. पण चेहरा उलटा धरला, की तो इतरांपेक्षा फारच मागे पडे. चेहऱ्याची ही यंत्रणा सुलट, अखंड चेहऱ्यावरच चालते, एवढं यातून दिसलं.

मेंदूला इजा झालेली नसतानाही काहींना ही अडचण जन्मापासून असते. लेखक-डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स त्यांपैकीच एक. आरशातल्या दाढीवाल्याला अनोळखी समजून त्यांनी चक्क त्याची माफी मागितली होती. अशी माणसं आवाज, चाल, चष्मा, केशरचना यांवर निभावून नेतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला, अगदी त्यांना स्वतःलाही, पत्ता लागत नाही. जुन्या चाचण्याही इथेच फसत. फोटोत केस आणि कपडे दिसत असले, की रुग्ण त्यांवरून उत्तर काढून पास होई. म्हणून २००६ मध्ये आलेल्या ‘केंब्रिज’ चाचणीत केस कापून टाकलेले चेहरे असतात. आधी सहा चेहरे शिकवायचे, मग कोन आणि उजेड बदलून तिघांतून एक निवडायला लावायचं. पुढे पुढे फोटो मुद्दाम अंधुक आणि खरबरीत केले जातात, तेव्हा भुवईच्या वळणावर किंवा तिळावर भिस्त ठेवणाऱ्याला काही धरायलाच उरत नाही.