व्हिएन्नाचा दिवस चार वाजता सुरू होतो

डिसेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य साधारण सहाला मावळतो. व्हिएन्नात तो चारलाच मावळतो आणि साडेचारपर्यंत पुरता अंधार पडतो. उजाडायलाही पावणेआठ होतात. उन्हाळ्यातल्या युरोपच्या सवयीने सकाळी नऊला बाहेर पडून पाचपर्यंत पायपीट करणारे प्रवासी इथे हमखास दमतात. रोषणाई आणि बाजारांची वेळ येते तेव्हा त्यांचे पाय गार पडलेले असतात आणि अंगातली ऊब संपलेली असते. म्हणून या शहराच्या डिसेंबर सहलीचा बेत शेवटाकडून आखावा. संध्याकाळी चार ते आठ ही मुख्य वेळ धरावी आणि बाकीचा दिवस तिच्यासाठी ऊब राखण्यात घालवावा.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ख्रिस्ती परंपरेत ॲडव्हेंट म्हणतात. त्या काळात व्हिएन्नाच्या चौकाचौकांत लाकडी टपऱ्यांचे बाजार भरतात. इथल्या डिसेंबरच्या बाजाराची परंपरा १२९८ सालापर्यंत मागे नेली जाते. ड्यूक आल्ब्रेख्टने शहराला असा बाजार भरवण्याचा हक्क दिला, असं सांगतात. सर्वांत मोठा बाजार नगरभवनासमोर, राटहाउसप्लात्सवर भरतो. तो मध्य नोव्हेंबरपासून २६ डिसेंबरपर्यंत चालतो, तर काही लहान बाजार २३ तारखेलाच आवरतात. २४ डिसेंबरच्या दुपारनंतर दुकानं बंद होतात आणि लोक घरी परततात. त्यामुळे नाताळच्या दोन-तीन दिवसांसाठी तिकीट काढलं, तर बाजाराची खरी गजबज हुकते. पहिल्या दोन आठवड्यांतले सोमवार ते गुरुवार सर्वांत सोयीचे. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाजारांत खांद्याला खांदा लागतो.

या दिवसांत तापमान बहुधा शून्य ते चार अंशांच्या आसपास असतं. आकडा भीतीदायक वाटत नाही, पण शहर वाऱ्याचं आहे. शून्य अंशांत ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे पाचसारखी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाजारात आपण चालत नाही, उभे राहतो. चालताना स्नायू उष्णता निर्माण करत असतात. टपरीसमोर पेला हातात घेऊन वीस मिनिटं उभं राहिलं की ती उष्णता थांबते आणि थंड दगडी फरशी तळव्यांतून ऊब ओढून घेऊ लागते. चालताना पुरेसे वाटणारे कपडे उभं राहिल्यावर अपुरे पडतात, ते यामुळेच.

यात तिसरी अडचण घराच्या आतल्या हवेची. संग्रहालयं, ट्राम, कॉफीगृहं अशा सगळ्या ठिकाणी आत वीस-बावीस अंशांची ऊब असते. जाड कोट घालून आत तासभर हिंडलं तर पाठीला घाम येतो. बाहेर पडल्यावर तोच घाम गार होतो आणि हुडहुडी भरते. म्हणून एकच जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा काढता-घालता येणारे तीन थर न्यावेत. अंगालगत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल असावं. सुती बनियन नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं, तर लोकर दमट झाली तरी बरीच ऊब राखते. मधल्या थराला फ्लीसचं जॅकेट किंवा लोकरी स्वेटर. सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारा, मांड्या झाकणारा कोट. कमरेपर्यंतचं जर्किन चालताना ठीक असतं, पण उभं राहिल्यावर मांड्या गारठतात. खाली पॅन्टच्या आत थर्मल लेगिंग घालावी. जीन्स सुती असते आणि भिजली की तासन्‌तास वाळत नाही, म्हणून संध्याकाळसाठी ती नको. साडीच नेसायची असेल तर परकराखाली थर्मल, पायांत बूट आणि वर गुडघ्यापर्यंतचा कोट असावा. निऱ्या थोड्या वर घ्याव्यात, म्हणजे ओल्या रस्त्याचं पाणी काठावरून वर चढत नाही.

खर्चात हात सैल सोडावा तो बुटांवर. तळ जाड रबराचा हवा आणि लोकरी मोजे घालूनही बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. त्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा बूट घ्यावा. घट्ट बुटात मोज्यांच्या दोन जोड्या कोंबल्या तर पाय दबतो, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि पाय उलट लवकर गार पडतात. बूट निघण्याच्या आधी काही आठवडे घरी वापरून मुरवून घ्यावेत. कान झाकणारी टोपी, मफलर आणि हातमोजे घ्यावेत, शिवाय मोज्यांची एक कोरडी जोडी रोज पिशवीत ठेवावी. फोन कोटाच्या आतल्या खिशात असावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

आता मधल्या आठवड्यातला एक दिवस आखून पाहू. सकाळी सावकाश नाश्ता करून दहाच्या सुमाराला कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयात जावं. कोट आधी सामानघरात द्यावा. इथे पीटर ब्रॉयखेलचं १५६५ सालचं ‘हिमातले शिकारी’ हे चित्र आहे. बर्फातून परतणारी माणसं आणि थकलेले कुत्रे, गोठलेल्या तळ्यावर खेळणारे लोक, हिरवट राखाडी आकाश. युरोपच्या हिवाळ्याचा प्रकाश कसा असतो, हे बाहेर अनुभवण्याआधी इथे डोळ्यांत साठवून घेता येतं. दोन-अडीच तास इथे घालवून जवळच बसून गरम जेवण घ्यावं. दुपारी एक ते तीन या वेळेत पायांना विश्रांती मिळालीच पाहिजे. हॉटेल जवळ असेल तर तासभर पडावं. नसेल तर आडबाजूच्या गल्लीतलं कॉफीगृह गाठावं. व्हिएन्नाच्या कॉफीगृह संस्कृतीची नोंद २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली आहे. मेलांज नावाची दुधाची कॉफी आणि सोबत येणारा पाण्याचा पेला समोर ठेवून तास काढला, तरी कोणी उठवत नाही. मात्र प्रसिद्ध कॉफीगृहांबाहेर रांगा असतात. थंडीत रांगेत उभं राहून जी ऊब जाते, ती मिळवायलाच तर आपण आत निघालेले असतो.

साडेतीनला थर चढवून बाहेर पडावं. स्पिटेलबेर्ग इथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. जुन्या घरांच्या अरुंद गल्ल्यांमध्ये मातीची भांडी, लोकरी टोप्या, मेणबत्त्या आणि लाकडी खेळणी विकणाऱ्या टपऱ्या असतात. गल्ल्या अरुंद असल्याने वारा कमी लागतो. आकाश गडद निळं होऊन दिवे उजळू लागतात ती अर्ध्या तासाची वेळ इथे गाठावी. फोटोही त्या वेळी चांगले येतात, कारण पुढे आकाश काळं झालं की दिवे पांढरे फटफटीत दिसतात.

साधारण पाचला, पाय गार पडायच्या आधीच, वीस मिनिटं कुठेतरी आत बसावं. मग रिंगरस्त्यावरच्या ट्रामने राटहाउसप्लात्सला जावं. दिवसाचा पास घेतला असेल तर दोन थांब्यांसाठीही ट्राम पकडायला जीव खाली-वर होत नाही. नगरभवनाचा उजळलेला मनोरा, बागेतल्या झाडांवरचे दिवे आणि लाल हृदयांनी सजवलेलं झाड या सगळ्यासाठी तास-दीड तास पुरतो. पुंश किंवा गरम मसालेदार वाइन टपरीच्या कपातून मिळते. कपासाठी काही युरो अनामत घेतात आणि कप परत केला की ते मिळतात, म्हणून थोडी रोकड जवळ असावी. मद्याने ऊब येते असं वाटतं, पण त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता बाहेर जाऊ लागते. म्हणून उभं राहून दुसरा पेला घेण्याआधी काही खावं. मुलांसाठी किंडरपुंश नावाचं मद्याशिवायचं पेय असतं आणि तेही तितकंच गरम असतं. शाकाहारी माणसाने मारोनी, म्हणजे भाजलेल्या चेस्टनटचा पुडा, बिनधास्त घ्यावा. तो हात शेकायलाही उपयोगी पडतो. बटाट्याच्या तळलेल्या चपट्या पॅटीसमध्ये सहसा अंडं असतं, तेव्हा विचारून घ्यावं.

दुसऱ्या संध्याकाळी जुन्या शहरातले फ्रायुंग आणि आम होफ हे बाजार पाहून ग्राबेन रस्त्यावर यावं. तिथे डोक्यावर महालातल्यासारखी प्रचंड झुंबरं टांगलेली असतात. हा सगळा पल्ला लहान आहे, म्हणून वाटेत कॉफीसाठी दोनदा थांबता येतं. तिसरी संध्याकाळ कार्ल्सप्लात्सला द्यावी. तिथे कार्ल्सकिर्शे चर्चसमोर कारागीर आपलं काम घेऊन बसतात आणि मुलांसाठी पेंढ्यात खेळायची जागा असते. शहरात याखेरीज बरेच बाजार आहेत, पण एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त करायला गेलं की सगळे सारखेच दिसू लागतात.

चालणं कधी थांबवायचं, हे घड्याळापेक्षा शरीर नेमकं सांगतं. पायाची बोटं बधिर होऊन हलवलेली कळेनाशी झाली, हाताने चेन लावता येईना किंवा कोणी थरथरू लागलं, की लगेच आत जावं, मोजे बदलावेत आणि काहीतरी गरम प्यावं. मुलं ढकलगाडीत बसलेली असतात, त्यामुळे चालणाऱ्या आईवडिलांच्या आधी ती गारठतात. वडीलधारी माणसं बोलत नाहीत, म्हणून त्यांना दर अर्ध्या तासाने आपणहून विचारावं. तरीही एखादी संध्याकाळ बोचरा वारा आणि पावसाची असली, तर ती आत घालवावी आणि बाजार दुसऱ्या दिवशी पाहावा. त्यासाठी सहल तीन संध्याकाळींची असेल तर मुक्काम चार रात्रींचा ठेवावा.