राउटरचा निरोप आणि संगणकाने स्वतः घडवलेला पत्ता

आयपीव्ही६ जाळ्याला जोडलेला संगणक जगभर चालणारा आपला पत्ता स्वतःच तयार करू शकतो. राउटर जाळ्यातल्या सगळ्यांसाठी मिळून एक जाहीर निरोप सोडतो. पत्त्याचा पहिला अर्धा भाग संगणक त्या निरोपातून उचलतो, दुसरा अर्धा स्वतः बनवतो आणि दोन्ही जोडतो. कोणत्या यंत्राने कोणता पत्ता घेतला याची नोंद राउटर ठेवत नाही आणि तशी नोंद ठेवणारा वेगळा सर्व्हरही लागत नाही. या पद्धतीला 'स्टेटलेस अॅड्रेस ऑटोकॉन्फिगरेशन' किंवा थोडक्यात 'स्लॅक' म्हणतात. तिचे नियम प्रथम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज वापरात असलेला मूळ दस्तऐवज २००७ सालचा आहे.

जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ता फक्त ३२ बिटांचा असतो. एका जाळ्याच्या वाट्याला मोजकेच पत्ते येतात, म्हणून ते सहसा एखादा सर्व्हर मुदतीने वाटतो आणि त्यांचा हिशेब ठेवतो. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असतो. त्यातले पहिले ६४ बिट जाळ्याची ओळख देतात; त्यांना प्रीफिक्स म्हणतात. उरलेले ६४ बिट त्या जाळ्यातल्या एकेका यंत्रासाठी असतात. या दुसऱ्या भागात १८ वर १८ शून्ये इतके पर्याय मावतात. एवढ्या मोठ्या जागेतून प्रत्येक यंत्राने आपापला आकडा निवडला, तरी दोघांचा आकडा एकच निघण्याची शक्यता नगण्य असते. स्लॅकची सगळी उभारणी या मोकळ्या जागेवर आहे.

हे काम कसे चालते ते एका उदाहरणातून पाहू. एका लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता `00:00:5e:00:53:2a` आहे आणि तो तारेने जाळ्याला जोडला आहे. राउटर जाहीर करत असलेला प्रीफिक्स `2001:db8:25:7::/64` आहे. `2001:db8` ने सुरू होणारे पत्ते लिखाणातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. `/64` म्हणजे पहिले ६४ बिट, आणि दोन लागोपाठ अपूर्णविराम म्हणजे मधली सगळी शून्ये.

तार जोडल्यावर लॅपटॉप आधी केवळ त्या तारेपुरता चालणारा पत्ता बनवतो. अशा पत्त्याला लिंक-लोकल म्हणतात आणि त्याची सुरुवात `fe80` ने होते. त्याचा दुसरा भाग मूळ पद्धतीप्रमाणे मॅक पत्त्यावरून तयार होतो. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. त्याचे मधोमध दोन भाग करून मध्ये `ff:fe` घातले की ६४ बिट पुरे होतात. मग पहिल्या बाइटमधला सातवा बिट उलटा केला जातो, म्हणून `00` चे `02` होते. लॅपटॉपला मिळालेला भाग `0200:5eff:fe00:532a` आणि त्याचा लिंक-लोकल पत्ता `fe80::200:5eff:fe00:532a`.

पत्ता तयार झाला तरी तो लगेच वापरता येत नाही. हाच पत्ता दुसऱ्या कोणी आधीच घेतला नसल्याची खात्री करावी लागते, आणि विचारायला नोंदवही कुठेच नाही. म्हणून लॅपटॉप जाळ्यातच विचारतो. ज्यांच्या पत्त्याचे शेवटचे २४ बिट त्याच्यासारखे आहेत अशा यंत्रांच्या गटाला, म्हणजे `ff02::1:ff00:532a` या गटपत्त्यावर, तो प्रश्न पाठवतो. स्वतःचा पत्ता अजून पक्का नसल्याने पाठवणाऱ्याच्या जागी तो `::`, म्हणजे सगळी शून्ये लिहितो. नेहमीच्या मांडणीत असा एकच प्रश्न जातो आणि लॅपटॉप एक सेकंद थांबतो. तोवर पत्त्यावर `tentative` अशी खूण असते. कोणी उत्तर दिले नाही तर पत्ता पक्का होतो. दुसऱ्या यंत्राने तो आपला असल्याचे कळवले तर लॅपटॉपला तो वापरता येत नाही, आणि लिनक्सवर त्यापुढे `dadfailed` असे दिसते.

आता राउटरचा शोध. राउटर आपला निरोप ठरावीक काळाने आपणहून पाठवत असतो, पण त्यात काही मिनिटांचे अंतर असू शकते. तेवढे थांबावे लागू नये म्हणून लॅपटॉप `ff02::2` या सर्व राउटरांच्या गटपत्त्यावर विचारणा करतो. उत्तर आले नाही तर चार-चार सेकंदांच्या अंतराने तो एकूण तीनदा विचारतो. उत्तरादाखल राउटर जो निरोप देतो त्याला राउटर अॅडव्हर्टाइजमेंट म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरात हा निरोप साधारण असा मांडलेला असतो:

```
interface eth1
{
    AdvSendAdvert on;
    prefix 2001:db8:25:7::/64
    {
        AdvOnLink on;
        AdvAutonomous on;
        AdvValidLifetime 2592000;
        AdvPreferredLifetime 604800;
    };
};
```

यातल्या दोन खुणा वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. `AdvOnLink` सांगते की या प्रीफिक्सची यंत्रे याच तारेवर आहेत, त्यांना थेट पॅकेट पाठवा. `AdvAutonomous` सांगते की या प्रीफिक्सवरून स्वतःचा पत्ता बनवायला परवानगी आहे. ही दुसरी खूण नसेल तर प्रीफिक्स दिसत असूनही लॅपटॉप पत्ता बनवत नाही. बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट कोणती, हेही याच निरोपातून कळते: निरोप पाठवणारा राउटर हाच बाहेर जाण्याचा दरवाजा मानला जातो, आणि तो किती काळ तसा मानायचा तेही त्यात लिहिलेले असते.

निरोप स्वीकारण्याआधी लॅपटॉप एक तपासणी करतो. पॅकेटमधला हॉप लिमिट हा आकडा बरोबर २५५ असावा लागतो. पॅकेट कोणत्याही राउटरमधून पुढे गेले की हा आकडा एकाने कमी होतो, आणि २५५ पेक्षा मोठा आकडा त्या जागेत मावतच नाही. त्यामुळे २५५ आकडा घेऊन आलेला निरोप याच तारेवरून निघालेला असतो. दूरवरून कोणी खोटा निरोप घुसवू शकत नाही. मात्र त्याच जाळ्यातल्या यंत्राने पाठवलेला खोटा निरोप या तपासणीत पकडला जात नाही. तो अडवण्यासाठी कार्यालयांतले स्विच राउटर नसलेल्या जोडण्यांवरून येणारे असे निरोप गाळून टाकू शकतात.

आता जोडणी होते. प्रीफिक्सचे ६४ आणि लॅपटॉपने बनवलेले ६४ मिळून १२८ बिट भरतात. बेरीज नेमकी १२८ आली नाही तर प्रीफिक्सवरून पत्ता बनत नाही. म्हणून एखाद्याने राउटरात `/64` ऐवजी `/80` लिहिले, तर लॅपटॉपला बाहेरची वाट कळते, पण जागतिक पत्ता मिळत नाही आणि पडद्यावर चूक दाखवणारा संदेशही सहसा येत नाही. उदाहरणात बेरीज जमते. नव्या पत्त्यासाठीही एक सेकंदाची तीच विचारपूस होते आणि `ip -6 addr show dev eth0` या आज्ञेला साधारण असे उत्तर मिळते:

```
inet6 2001:db8:25:7:200:5eff:fe00:532a/64 scope global dynamic
   valid_lft 2591988sec preferred_lft 604788sec
inet6 fe80::200:5eff:fe00:532a/64 scope link
   valid_lft forever preferred_lft forever
```

पहिल्या पत्त्याखालचे दोन आकडे म्हणजे उलटी चालणारी घड्याळे आहेत. राउटरने सांगितलेले २५,९२,००० सेकंद म्हणजे ३० दिवस आणि ६,०४,८०० सेकंद म्हणजे ७ दिवस. राउटरचा नवा निरोप आला की दोन्ही घड्याळे पुन्हा भरतात. निरोप येणे थांबले तर ७ दिवसांनी पत्ता उतरणीला लागतो: त्यावर चालू असलेले संभाषण पुढे चालते, पण नव्या संभाषणासाठी दुसरा पत्ता निवडला जातो. ३० दिवस पुरे झाले की पत्ता काढून टाकला जातो. नोंद नसल्यामुळे पत्ता परत मागणारा कोणी नसतो. तो काम संपवतो ते केवळ घड्याळामुळे.

घरगुती जोडणीत नेहमी दिसणारी एक अडचण यातूनच निर्माण होते. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि इंटरनेट कंपनीने त्याला या वेळी वेगळा प्रीफिक्स दिला, असे समजू. राउटर आता नवा प्रीफिक्स जाहीर करू लागतो. जुना कोणता होता हे तो विसरलेला असतो, त्यामुळे तो रद्द झाल्याचे कळवत नाही. लॅपटॉपकडे दोन्ही पत्ते राहतात आणि दोन्ही त्याला चांगलेच वाटतात. जुन्या पत्त्यावरून पाठवलेल्या पॅकेटचे उत्तर घरी पोहोचत नाही. मग संकेतस्थळ काही क्षण अडकते आणि कधी आयपीव्ही४ वरून उघडते. वरच्या आज्ञेत हे ओळखता येते: दोन प्रीफिक्सचे पत्ते दिसतात, त्यातल्या एकाची घड्याळे वारंवार भरतात आणि दुसऱ्याची फक्त उतरत राहतात.

राउटरला जुना प्रीफिक्स आठवत असेल तर त्याच्या पसंतीची मुदत शून्य करून तो लॅपटॉपला लगेच सावध करू शकतो. नवी संभाषणे मग त्या पत्त्यावरून सुरू होत नाहीत. पत्ता पूर्ण रद्द करणे मात्र इतके सोपे नाही. साध्या निरोपावरून वैधतेची मुदत दोन तासांच्या खाली आणता येत नाही, असा नियम आहे. एका खोट्या निरोपाने सगळ्या यंत्रांचे पत्ते एका क्षणात पुसले जाऊ नयेत, हा त्याचा हेतू. राउटरांनी मुळातच कमी मुदती जाहीर कराव्यात, हा यावरचा आणखी एक व्यवहार्य उपाय आहे.

दुसरी अडचण मॅक पत्त्यावरून बनणाऱ्या भागाची. लॅपटॉप घरून कार्यालयात आणि तिथून विमानतळावर गेला की प्रीफिक्स बदलतो, पण `200:5eff:fe00:532a` तसाच राहतो. संकेतस्थळांना या एका आकड्यावरून त्याच यंत्राचा माग काढता येतो. म्हणून २००१ पासून तात्पुरत्या पत्त्यांचे नियम आले: दुसरा भाग यादृच्छिक निवडायचा, साधारण एक दिवस नव्या संभाषणांसाठी वापरायचा आणि दोन दिवसांनी सोडून द्यायचा. २०१४ मध्ये आणखी एक पद्धत ठरली. तीत प्रीफिक्स आणि यंत्रातली एक गुप्त किल्ली यांच्यापासून गणिताने दुसरा भाग काढतात. एकाच जाळ्यात तो कायम राहतो, जाळे बदलले की बदलतो. राउटरचे काम या दोन्ही पद्धतींत तेच राहते, कारण दुसरा भाग कसा बनला याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पत्त्याच्या दुसऱ्या भागात मधोमध `ff:fe` दिसले, तर तो बहुधा जुन्या रीतीने मॅकवरून बनलेला असतो.

नोंद नसण्याची किंमत जाळे सांभाळणाऱ्याला मोजावी लागते. काल दुपारी अमुक पत्ता कोणाकडे होता, याचे उत्तर स्लॅककडे नसते. राउटर शेजाऱ्यांची तात्पुरती यादी ठेवतो, पण तिच्यातल्या नोंदी काही काळाने निघून जातात. ज्या कार्यालयाला असा हिशेब हवा असतो, ते ही यादी वेळोवेळी साठवून ठेवते, किंवा `AdvAutonomous` बंद करून पत्तेवाटप डीएचसीपीव्ही६ सर्व्हरकडे सोपवते.