बेरजेच्या जोडणीतून वजाबाकी

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत असतो. अँड, ऑर, नॉट आणि एक्स-ऑर एवढीच गेटं वापरून एक बिटाचा एएलयू काढा. त्याने दोन बिटांचं अँड, ऑर, एक्स-ऑर आणि बेरीज करावी, शिवाय वजाबाकीही जमावी. एएलयू म्हणजे प्रोसेसरमधला हिशेब करणारा भाग, आणि इथे त्याची एका बिटापुरती चकती हवी आहे.

अनेक विद्यार्थी लगेच एकच मोठा ट्रुथ टेबल मांडायला बसतात. A आणि B हे दोन बिट, उजवीकडून येणारा हातचा आणि काय करायचं ते सांगणाऱ्या तीन तारा, अशी सहा इनपुटं झाली. म्हणजे ६४ ओळी. त्यातून उत्तर निघतं, पण रचना दिसत नाही. माझ्या मते इथे टेबल बाजूला ठेवावा आणि चारही क्रिया एकाच वेळी होऊ द्याव्यात. अँड गेट आपलं उत्तर काढतं, ऑर गेट आपलं, बेरजेची जोडणी आपलं. गेटांना थांबायला सांगावं लागत नाही. शेवटी एक मल्टिप्लेक्सर यांतलं एकच उत्तर बाहेर सोडतो.

या मल्टिप्लेक्सरला S1 आणि S0 या दोन निवडीच्या तारा असतात. ००ला अँड, ०१ला ऑर, १०ला एक्स-ऑर आणि ११ला बेरीज असं ठरवू. दोन नॉट आणि चार अँड गेटं मिळून अशी जोडणी होते, की तारांवरच्या प्रत्येक संकेताला चारपैकी एकच अँड गेट जागं होतं. हाच डीकोडर. प्रत्येक अँड गेटला तिसरं इनपुट म्हणून एकेक उत्तर जोडलं आणि चारही गेटं एका ऑर गेटमध्ये आणली, की मल्टिप्लेक्सर तयार.

बेरजेसाठी लागतो फुल अॅडर:

```
Sum  = A ^ B ^ Cin
Cout = (A & B) | (Cin & (A ^ B))
```

इथे `^` म्हणजे एक्स-ऑर, `&` म्हणजे अँड आणि `|` म्हणजे ऑर. A आणि B यांचं अँड आणि एक्स-ऑर हिशेबात आधीच आलेलं आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी गेटं लागत नाहीत. तिथूनच तारा काढून मल्टिप्लेक्सरला द्यायच्या.

वजाबाकीची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. B आत जाण्याआधी वाटेत एक एक्स-ऑर गेट घालायचं आणि त्याच्या दुसऱ्या पायाला M ही तार जोडायची. M शून्य असेल तर B जसाच्या तसा जातो, M एक असेल तर उलटा होऊन जातो. शिवाय हीच M तार सर्वांत उजव्या चकतीच्या हातच्याच्या इनपुटालाही द्यायची. सगळे बिट उलटे करून एक मिळवला की ती संख्या ऋण धरता येते, आणि मग वजाबाकी ही बेरीजच होते.

चार चकत्या शेजारी लावून ७ वजा ५ करून पाहू. ७ म्हणजे ०१११, ५ म्हणजे ०१०१. तो उलटा केला की १०१०. उजवीकडून सुरुवात: १, ० आणि आत आलेला १, म्हणून ० लिहून हातचा १. पुढे १, १ आणि हातचा १, म्हणून १ आणि हातचा १. मग १, ० आणि १, पुन्हा ० आणि हातचा १. शेवटी ०, १ आणि १, तिथेही ० आणि हातचा १. उत्तर ००१०, म्हणजे २. डावीकडून बाहेर पडलेला हातचा इथे उत्तरात धरायचा नाही. बिनचिन्ह संख्यांत तो १ असेल तर उसना घ्यावा लागला नाही, एवढंच तो सांगतो.

M ची ती दुसरी जोडणी राहून गेली तर काय होतं? उजव्या टोकाला शून्य दिला तर याच गणिताचं उत्तर ०००१ येतं. बेरजा बरोबर, पण प्रत्येक वजाबाकी एकाने कमी, असं दिसलं की दोष तिथेच शोधावा. ब्रेडबोर्डवर टीटीएल चिपा वापरून तीच तार मोकळी सोडली तर उलटंच घडतं. टीटीएलचं मोकळं इनपुट बहुधा १ असल्यासारखं वागतं, म्हणून वजाबाकी बरोबर येते आणि बेरीज एकाने जास्त.

S1 आणि S0 यांची अदलाबदल हा याहून लबाड दोष. ०० आणि ११ या संकेतांना त्याने काहीच फरक पडत नाही, त्यामुळे अँड आणि बेरीज ठीक चालतात. फक्त ऑर आणि एक्स-ऑर एकमेकांच्या जागी जातात, आणि या दोघांची उत्तरं चारपैकी तीन जोड्यांना सारखीच असतात. A आणि B दोन्ही १ असतील तेव्हाच ऑर १ देतं आणि एक्स-ऑर ०. त्यामुळे M शून्य ठेवून १ आणि १ ही जोडी लावून पाहिल्याशिवाय ही चकती तपासली असं म्हणता येणार नाही.