सिकलसेलचे चार आठवडे

आनुवंशिकीच्या विद्यापीठ परीक्षेत मेंडेल, रेणू आणि लोकसंख्या हे तीन भाग वेगळे शिकवले जातात, पण प्रश्न त्यांची सरमिसळ करतात. म्हणून उजळणीला एकच आजार धरणे उत्तम. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आढळणारा सिकलसेल तिन्ही भागांना पुरतो.

पहिला आठवडा मेंडेलचा. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश. मात्र अपत्य निरोगी असल्याचे आधीच कळले, तर ते वाहक असण्याची शक्यता अर्धी नव्हे, दोन तृतीयांश होते; कारण आजारी अपत्याचा पर्याय बाद झालेला असतो. गुण बहुधा इथेच जातात.

दुसऱ्या आठवड्यात रेणू. बीटा-ग्लोबिन जनुकात GAG चे GTG होते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. डीएनए ते प्रथिन हा प्रवास पुस्तक मिटून कागदावर काढावा.

तिसरा आठवडा हार्डी-वाइनबर्गचा. समजा, शंभरात एक बालक आजारी जन्मते. म्हणजे q² = 0.01, q = 0.1, p = 0.9; वाहक 2pq = 0.18, म्हणजे शंभरात अठरा. वर्गमूळ विसरून 0.01 लाच q मानले, तर वाहक जेमतेम दोन टक्के निघतात. पडताळणी सोपी: तिन्ही गटांची बेरीज एक यावी आणि आजारी गट पुन्हा 0.01 निघावा. मलेरियाग्रस्त भागात वाहकांना संरक्षण मिळते, त्यामुळे निवड नसल्याचे गृहीतक तिथे लागू पडत नाही, हेही उत्तरात लिहावे.

चौथ्या आठवड्यात नवे वाचन नको. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि चूक गणिताची, संकल्पनेची की प्रश्न वाचण्याची, हे प्रत्येक उत्तराशेजारी नोंदवावे.