साहेब सकाळचा मेल का उघडत नाहीत?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की सिलतरा येतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची ही वसाहत. इथल्या कारखान्यांत सकाळी मालकाला आणि संचालकांना आदल्या दिवसाच्या आकड्यांचा मेल जातो. बहुतेक ठिकाणी तो न वाचताच पडून राहतो. दोष वाचणाऱ्याच्या आळसाचा नसून मेल लिहिणाऱ्याच्या काही समजुतींचा असतो.

गैरसमज : सगळे आकडे दिले की साहेब हवा तो शोधून घेतील.

वस्तुस्थिती : साहेब मेल गाडीत, फोनवर पाहतात. पडद्यावर दिसतो तो विषय आणि पुढचे चार शब्द. ‘दैनिक अहवाल’ हा विषय रोज तोच असल्यामुळे त्यातून काही कळत नाही. ‘भट्टी 78 टन, नेहमीच्या पट्ट्याबाहेर’ हा विषय वाचला की मेल न उघडताही निम्मं काम होतं. आत चार-पाच आकडे पुरेत: उत्पादन, मालाची प्रत, टनामागे लागलेला कोळसा, तयार झालेली वीज आणि शिल्लक साठा. बाकीचं जोडपत्रात. आकडे चित्रात घालू नयेत, अक्षरांतच लिहावेत. कित्येक मेल-प्रोग्राम बाहेरची चित्रं आपणहून उघडत नाहीत आणि साहेबांना रिकामी चौकट दिसते.

गैरसमज : कालच्यापेक्षा वाढलं तर हिरवा बाण, घटलं तर लाल.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान हा बाण करतो. समजा, 100 टनी भट्टीचं दहा दिवसांचं उत्पादन असं आहे: 92, 95, 90, 94, 91, 96, 93, 89, 94, 92. अकराव्या दिवशी 86 येतं. लाल बाण दिसतो, साहेबांचा फोन जातो, शिफ्ट इन्चार्ज ‘कोळसा ओला होता’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी आकडा आपसूक वर येतो आणि फोनचा गुण आला असं सगळ्यांना वाटतं.

आता हिशोब करा. दहा दिवसांची सरासरी 92.6. लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक सरासरी 3.8 टन. त्याला 2.66 ने गुणलं की साधारण 10.1. म्हणजे 82.5 ते 102.7 हा भट्टीचा नेहमीचा पट्टा झाला. 86 त्यात बसतं, तेव्हा फोनची गरज नव्हती. 78 बसत नाही, तिथे कारण शोधायलाच हवं. (दहा दिवस हा कामचलाऊ पाया, वीस असले तर बरं.)

या पद्धतीचं मूळ वॉल्टर शूहार्ट यांच्याकडे जातं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना 16 मे 1924 रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण दिलं. त्यातला तिसरा हिस्सा एका आकृतीनेच व्यापला होता. नियंत्रण-आलेखाचा जन्म तो. साहेबांना पाठवलेला छोटा अहवाल किती काम करतो, याचा दाखलाही तोच.

पट्ट्याच्या आतलीही एक खूण पाहावी. लागोपाठ आठ दिवस आकडा सरासरीच्या खालीच राहिला, तर काहीतरी बदललंय. भट्टीच्या आतल्या अस्तरावर राख आणि बारीक कण चिकटून कडं धरू लागतं, ते असंच हळूहळू. बाण मात्र त्या आठ दिवसांत कधी हिरवा, कधी लाल होत राहतो.

गैरसमज : जितका लवकर मेल, तितका चांगला.

वस्तुस्थिती : कारखान्याचा दिवस सकाळी सहा ते सहा असेल आणि मेल सव्वासहाला गेला, तर रात्रपाळीचं वजन आणि प्रयोगशाळेचा निकाल त्यात नसतो. आठला सुधारित आकडा येतो आणि पुढे दोन्ही आकड्यांवरचा विश्वास उडतो. मेल आठलाच पाठवावा. तरीही एखादा आकडा आला नसेल, तर ‘विजेचं रीडिंग आलेलं नाही’ असं लिहावं. रिकामी जागा शून्य धरली गेली, तर बंद न पडलेलं टर्बाइन कागदावर बंद पडतं.

गैरसमज : सगळं सुरळीत असेल त्या दिवशी मेल नको.

वस्तुस्थिती : मेल आला नाही, तर सगळं ठीक आहे की मेल पाठवणारी यंत्रणाच बंद पडली, हे कळत नाही. त्या दिवशी एक ओळ पुरे: ‘भट्टी 93 टन, पाचही आकडे नेहमीच्या पट्ट्यात.’

गैरसमज : मेल उघडल्याची नोंद दिसली, म्हणजे तो वाचला गेला.

वस्तुस्थिती : ही नोंद मेलमधलं एक अदृश्य चित्र उतरवलं गेलं की होते. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून अशी चित्रं, माणसाने मेल उघडला नाही तरी, आधीच उतरवून घेण्याची सोय आहे. त्यापेक्षा एक आकडा आठवडाभर गाळून पाहावा. कोणी विचारलं नाही, तर तो पुन्हा घालू नये.