टोपण, कोड आणि खोका

रमजानचा शेवटचा अशरा लागला की आमच्या बाजारात इफ्तारनंतरची गर्दी कपड्यांकडून हळूहळू चपलांकडे आणि अत्तरांकडे सरकते. मशिदीच्या कोपऱ्यावरचा जुना अत्तरवाला मनगटावर काडी फिरवून खुशबू दाखवतो आणि गिऱ्हाईक नाकाने निर्णय घेतो. त्याच्या कुपीवर छापील खोका नाही, कोड नाही. तिथे त्याची तीस वर्षांची ओळख हीच हमी. पण आताच्या पोरांना अत्तराबरोबर परदेशी परफ्यूमही हवे असते आणि ते दुकानातून नव्हे, फोनवर आलेल्या चार फोटोंवरून घेतले जाते. तिथे नाक चालत नाही, डोळेच चालवावे लागतात.

माझा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले चार हजार त्याने मला दाखवले आणि फोन पुढे केला. ‘‘मामू, दियोरचे सोवाज, शंभर मिली, साडेतीन हजारांत. माझ्याच वर्गातला मुलगा विकतोय. दुबईचा माल आहे म्हणतो.’’ दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहूनही हा भाव पुष्कळ कमी होता. नुसत्या कमी भावावरून मी कोणाला खोटे ठरवत नाही. पण मग पुरावा मालानेच द्यायला हवा. फोनवर चार फोटो होते, चारही समोरून घेतलेले, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, छान सजवून. त्या चारांतून काहीच कळत नव्हते.

म्हणून आधी फोटो कसे मागायचे ते सांगतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि बारीक अक्षरे आपोआप धूसर होतात. अशा वेळी खऱ्या खोक्यावरची छपाईसुद्धा नकली वाटू शकते. तेव्हा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. मूळ आकारात येतात. ते दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता काढलेले हवेत. आम्ही पाच गोष्टी मागितल्या: टोपण लावलेली बाटली बाजूने, टोपणाची आतली बाजू, बाटलीचा तळ, खोक्याचा तळ आणि खोक्याची मागची बाजू. शिवाय एका फोटोत बाटलीशेजारी कागदावर हाताने लिहिलेली त्या दिवसाची तारीख. ही शेवटची अट महत्त्वाची, कारण इंटरनेटवरून खऱ्या बाटलीचे फोटो उचलून दाखवायचे आणि हातात भलतेच द्यायचे, हा सर्वांत सोपा डाव आहे.

फोटो आले. पहिले टोपण. सोवाजचे टोपण चुंबकाचे असते. बाटलीच्या गळ्याजवळ नेले की शेवटच्या काही मिलिमीटरांत ते स्वतःच ओढले जाऊन ‘टक्’ करून बसते आणि सरळ बसते. चुंबक फोटोत दिसत नाही, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवला. त्यात मुलाने टोपण अंगठ्याने दाबून बसवले. पुन्हा, न दाबता, नुसते जवळ नेऊन सोडायला सांगितले, तर ते जिथल्या तिथे तिरके राहिले. बाजूच्या फोटोतही खूण होतीच: टोपण आणि बाटली यांमधली फट डावीकडे बारीक आणि उजवीकडे रुंद दिसत होती. टोपणाच्या आत डोकावले तर मधली नळी किंचित कलती बसलेली आणि तिच्या कडेने वाळलेल्या गोंदाचा पिवळसर ओघळ.

पण इथे एक सावधगिरी हवी. चांगल्या नकला करणारेही आता टोपणात चुंबक घालतात. म्हणजे टोपण ओढले जात नसेल तर शंका पक्की होते, पण ओढले गेले म्हणून माल खरा ठरत नाही. खोट्यात काय चुकले ते टोपण सांगू शकते, खऱ्याची हमी देऊ शकत नाही.

मग बॅच कोड. हा कोड म्हणजे माल कोणत्या घाण्यात आणि केव्हा भरला याची कारखान्याची स्वतःची नोंद. तो बाटलीवर एकदा आणि खोक्यावर एकदा असतो आणि दोन्ही जागी एकच असायला हवा. दियोरचा कोड चार खुणांचा असतो: एक आकडा, एक अक्षर, दोन आकडे. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, अक्षर महिन्याचे. आमच्या फोटोत बाटलीवर आणि खोक्यावर दोन्हीकडे 3X02 होते. पहिला आकडा 3, म्हणजे 2013 किंवा 2023. सोवाजचे हे ओ द तॉयलेत बाजारात आले 2015 साली, तेव्हा 2013 शक्यच नाही, उरले 2023. भाच्याने checkfresh.com वर कोड टाकला, तिथेही 2023 आले. ‘‘बघा मामू, ओरिजिनल निघाले!’’

इथेच बहुतेक लोक फसतात. ही संकेतस्थळे कोडावरून तारीख वाचून देतात, बाटली ओळखत नाहीत. मी एखाद्या रिकाम्या बाटलीवर पेनाने 3X02 लिहिले तरी ती 2023 हेच सांगतील. नक्कल करणारा एक खरी बाटली विकत आणतो, तिचा कोड उचलतो आणि हजारो खोक्यांवर तोच छापतो. म्हणून जुळणारा कोड हा पुरावा नाही. न जुळणारा कोड मात्र मोठी शंका आहे: बाटलीवर एक आणि खोक्यावर दुसरा असेल, तर निदान बाटली आणि खोका वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत एवढे नक्की.

कोड काय आहे याइतकेच तो कसा उमटवला आहे हेही पाहावे. या घराण्याच्या बऱ्याच खोक्यांवर तो शाईशिवाय, पुठ्ठ्यात दाबून उमटवलेला असतो. तिरप्या उजेडात खळगा दिसतो. आमच्या फोटोत तो काळ्या शाईने, खोक्यावरच्या इतर छपाईबरोबरच छापलेला होता. याचा अर्थ असा की खोका छापतानाच कोड छापला गेला. खऱ्या कारखान्यात खोके आधी छापून येतात आणि कोड नंतर, माल भरताना पडतो. दोन्ही एकाच शाईत, एकाच रेषेत असतील तर छापणाऱ्याला पुढच्या घाण्याचा कोड आधीच कसा ठाऊक होता, असा प्रश्न उरतो.

शेवटी खोक्याची मागची बाजू. मला सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर वाटतो, कारण टोपणावर लोक नजर टाकतात, कोड तपासतात, पण घटकांची बारीक यादी कोणीच वाचत नाही. न वाचले जाणारे लिहिताना नक्कल करणाराही आळस करतो. फोटो मोठा केला. गडद खोक्यावरची पांढरी अक्षरे जाड होऊन a आणि e यांची पोटे भरून गेली होती. शंभर मिलीच्या पुढे ℮ ही खूण होती. युरोपच्या नियमानुसार ती ठरावीक आकाराची आणि किमान 3 मिलिमीटर उंचीची असावी लागते. इथे मात्र साध्या टायपातला लहान e बसवलेला होता.

आणि यादीत शेवटून तिसरे नाव होते BUTYLPHENYL METHYLPROPIONAL. हे फुलासारख्या वासाचे एक रसायन, व्यापारात लिलिअल म्हणून ओळखले जाणारे. प्रजननक्षमतेला अपाय होऊ शकतो म्हणून युरोपीय संघाने 1 मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. आता कोड म्हणतो माल 2023 चा आणि यादी म्हणते त्यात 2022 ला बंद झालेले रसायन आहे. पॅरिसचे घराणे बंदीनंतर वर्षभराने ते नाव खोक्यावर छापणार नाही. नक्कल करणाऱ्याने यादी दुसऱ्याच कुठल्या जुन्या खोक्यावरून उचलली होती आणि कोड नव्या बाटलीवरून. दोन चोऱ्या एकमेकींना ओळखत नव्हत्या.

इथेही उलट चूक करू नये. 2019 सालच्या एखाद्या खऱ्या परफ्यूमवर हे नाव असू शकते. त्यात काही वावगे नाही. कंपन्या खोक्याची मांडणीही अधूनमधून बदलतात, म्हणून तुलना त्याच काळातल्या खोक्याशी करावी. निर्णय एका खुणेवरून नव्हे, खुणांचा आपसांत मेळ बसतो की नाही यावरून करायचा.

आणखी एक खूण आपल्याकडची. भारतात रीतसर आयात होऊन विकल्या जाणाऱ्या परफ्यूमवर आयातदाराचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत असलेली चिठ्ठी असावी लागते. कोणी दुबईहून सामानात आणलेल्या बाटलीवर ती नसणार, आणि त्यावरून ती नकली ठरत नाही. पण विकणारा ‘‘इथल्याच शोरूमचा माल’’ म्हणत असेल आणि चिठ्ठी नसेल, तर त्याची गोष्ट आणि त्याचा खोका जुळत नाहीत.

फोटोंना एक मर्यादा आहे, ती मात्र ओलांडता येत नाही. खरी रिकामी बाटली, तिचे खरे टोपण आणि खरा खोका यांत दुसरेच काही भरले असेल, तर फोटोत सगळे बरोबरच दिसेल. म्हणून उघडलेली बाटली फोटोवरून घेऊच नये. आणि शंका राहिली तर ‘‘वास तर तसाच येतो’’ म्हणून घेऊ नये. आत कोणते रसायन आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि ते मान-मनगटाच्या कातडीवर जायचे असते.

भाच्याने सौदा मोडला. मला वाटले प्रकरण संपले. पण दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर तो विकणारा मुलगाच घरी आला. ‘‘सर, मी वीस बाटल्या घेतल्यात. आईच्या बांगड्या ठेवून.’’ त्यालाही कोणीतरी फोटोच पाठवले होते, आणि कोड जुळतो म्हणून त्याने पैसे भरले होते. वीसच्या वीस खोक्यांची मागची बाजू आम्ही एकत्र बसून पाहिली. सगळ्यांवर तीच यादी, तोच e.

तीन बाटल्या त्याने आधीच विकल्या होत्या. ते पैसे परत करायला तो निघाला तेव्हा भाचा त्याच्याबरोबर गेला. उरलेला माल ज्याच्याकडून आला, त्याला आम्ही याच फोटोंसह लेखी कळवले आहे आणि ग्राहक तक्रारीसाठी पैसे भरल्याच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. ईदच्या सकाळी भाच्याच्या मनगटावर कोपऱ्यावरच्या दुकानातले खसचे अत्तर असेल. साठवलेल्या चार हजारांतले काही त्याने त्या मुलाला उसने दिले आहेत. किती, ते मला सांगितले नाही.