रडारला किती लांबचे दिसते?

१० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, कॅम्प इव्हान्स इथल्या लष्करी प्रयोगशाळेत जॉन डीविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उगवत्या चंद्राच्या दिशेने रेडिओलहरी सोडायला सुरुवात केली. त्यांचा अँटेना नुसता आडवा फिरायचा, वर-खाली कलत नसे. त्यामुळे चंद्र क्षितिजालगत असेल तेवढ्या वेळातच प्रयोग उरकावा लागे. पाव सेकंदाची एक पल्स सुटली की पुढे वाट पाहायची. सुमारे अडीच सेकंदांनी उत्तर आले. लहर चंद्रावर आपटून परतली होती.

त्यांच्या ट्रान्समीटरची ताकद होती अवघी ३ किलोवॅट. आजच्या विमानतळावरच्या रडारची ताकद असते साधारण १० लाख वॅट, आणि लहानशा विमानासाठी त्याचा पल्ला जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. तीनशेपट अधिक ताकद असूनही अंतर साडेतीन हजार पटींनी कमी, हे कसे? याचे उत्तर एका ओळीच्या समीकरणात आहे.

P·G²·λ²·σ / ((4π)³·S) = R⁴

यात R म्हणजे रडारचा कमाल पल्ला, P म्हणजे पल्सची ताकद, G म्हणजे अँटेना ती ताकद एका दिशेला किती पट एकवटतो तो आकडा, λ म्हणजे लहरीची लांबी. σ म्हणजे लक्ष्याचे ‘रडार क्रॉस सेक्शन’, म्हणजे रडारच्या दृष्टीने ते लक्ष्य किती मोठे आहे ते माप. आणि S म्हणजे रिसिव्हरला ओळखता येईल असा सर्वांत क्षीण संकेत.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. विमानतळाचे रडार १० लाख वॅटची, एक मायक्रोसेकंद टिकणारी पल्स सोडते. अँटेना तिला अडीच हजार पटींनी एकवटतो. लहरीची लांबी सुमारे पावणेअकरा सेंटिमीटर. समोर १०० किलोमीटरवर १ चौरस मीटर क्रॉस सेक्शनचे छोटे विमान आहे. तिथे पोहोचेपर्यंत पल्स इतकी पसरते, की विमानाजवळ दर चौरस मीटरला फक्त २० मिलिवॅट उरतात. विमान ते चहूकडे उधळते आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तशीच पसरण होते. जाताना अंतराच्या वर्गाने घट, येताना पुन्हा वर्गाने घट. समीकरणातला चौथा घात आला तो इथून. शेवटी अँटेनाच्या हाती लागतो पिकोवॅटचा जेमतेम एक तृतीयांश. एक पिकोवॅट म्हणजे एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग.

एवढ्याशा संकेताला सामना करावा लागतो रिसिव्हरमधल्या उष्णतेने होणाऱ्या गोंगाटाशी. एक मायक्रोसेकंदाची पल्स नीट टिपायची तर रिसिव्हरला साधारण १० लाख हर्ट्झ रुंदीचा पट्टा उघडा ठेवावा लागतो. त्यातून आत शिरणारा गोंगाट आणि रिसिव्हरची स्वतःची भर मिळून पिकोवॅटचा शंभरावा भाग होतो. खात्रीने ओळख पटण्यासाठी संकेत त्याच्या सुमारे वीसपट हवा. या हिशेबाने आपले छोटे विमान ११५ किलोमीटरच्या आसपास गोंगाटात बुडते.

आता पल्ला दुप्पट करायचा आहे असे समजा. केवळ ताकद वाढवून हे करायचे तर ती सोळापट लागेल, कारण दोनाचा चौथा घात सोळा. १० लाख वॅटचे १ कोटी ६० लाख वॅट करावे लागतील. ताकद दुप्पट केली तर पल्ला वाढतो जेमतेम १९ टक्के.

अँटेना मात्र दोनदा कामाला येतो. त्याची लांबी आणि उंची दोन्ही दुप्पट केल्या की क्षेत्रफळ चौपट होते. त्यामुळे लहर चौपट एकवटून जाते आणि परतलेला संकेतही चौपट गोळा होतो. एकूण सोळापट, म्हणजे ट्रान्समीटरला हात न लावता पल्ला दुप्पट. पण या सौद्याला किंमत आहे. मोठ्या अँटेनाचा झोत अरुंद असतो. दीड अंशाच्या आसपासचा झोत पाच सेकंदांत एक फेरी मारतो, तेव्हा विमानावर जेमतेम वीस पल्स पडतात. झोत निम्मा झाला की दहाच. शिवाय वाऱ्याच्या माऱ्यात तो अवजड सांगाडा गरगर फिरवायचा आहे.

तिसरा घटक लक्ष्याचा. ४० चौरस मीटर क्रॉस सेक्शनचे मोठे प्रवासी विमान याच रडारला हिशेबाने २९० किलोमीटरवर दिसायला हवे. पण इथे पल्स रडारची वेगळी मर्यादा आड येते. सेकंदाला हजार पल्स सुटत असतील, तर दोन पल्समधल्या वेळात लहर फार तर १५० किलोमीटर जाऊन परत येऊ शकते. २०० किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिसाद पुढची पल्स सुटल्यावर पोहोचतो आणि पडद्यावर ते ५० किलोमीटरवर दिसते. ही फसवणूक ओळखण्यासाठी पल्समधले अंतर कमी-जास्त करतात. खरे लक्ष्य जागच्या जागी राहते, खोटे सरकते.

उलट बाजूला, क्रॉस सेक्शन शंभरपट घटवले तरी पल्ला शंभरपट कमी होत नाही. आपले ११५ किलोमीटर ३६ वर येतात. पल्ला दशांश करायचा तर क्रॉस सेक्शन दहा हजार पटींनी घटवावे लागते, म्हणून स्टेल्थ विमानांचे आकार इतके विचित्र असतात. तो आकारही प्रामुख्याने लहान लहरींसाठी बेतलेला असतो. २७ मार्च १९९९ ला सर्बियात अमेरिकेचे एफ-११७ पाडले गेले. त्याचा माग काढणाऱ्या तुकडीकडे पी-१८ हे मीटरभर लांबीच्या लहरींवर चालणारे जुने सोव्हिएत रडार होते.

आता चंद्राचे कोडे सुटते. चंद्र रेडिओलहरींचा थोडाच भाग परतवतो, तरी त्याचे क्रॉस सेक्शन साडेसहा लाख चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त भरते. दुसरे कारण पल्सच्या लांबीत आहे. विमानतळाच्या रडारची एक पल्स वाहून नेते १ ज्यूल ऊर्जा. डीविट यांची पाव सेकंदाची पल्स ७५० ज्यूल नेत होती. शिवाय लांब पल्ससाठी रिसिव्हरचा पट्टा फक्त ५७ हर्ट्झ रुंद ठेवता आला, त्यामुळे गोंगाट हजारो पटींनी घटला. मात्र पृथ्वी आणि चंद्राच्या गतीमुळे परतणाऱ्या लहरीची वारंवारिता सरकत असे, आणि इतक्या अरुंद पट्ट्यातून ती सहज निसटली असती. म्हणून दर प्रयोगाआधी हिशेब करून रिसिव्हर जुळवून घ्यावा लागे.

लांब पल्सचा हा लाभ विमानतळाला परवडत नाही. पाव सेकंदाच्या पल्सवरून अंतर ठरवायचे तर साडेसदतीस हजार किलोमीटरच्या आतली दोन लक्ष्ये वेगळी कळणार नाहीत. एक मायक्रोसेकंदाच्या पल्सने ती दीडशे मीटरवरही वेगळी दिसतात.

म्हणून ‘या रडारचा पल्ला ४०० किलोमीटर’ अशी बातमी वाचनात आली, तर आधी विचारावे, किती चौरस मीटरच्या लक्ष्यासाठी? ते सांगितलेले नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.